गांडुळाची हृदयं नक्की किती? आणि पाऊस पडला की ती बाहेर का येतात?

कोरांटी

घरात कालपासून वाद पेटलाय. लेकीच्या पुस्तकात गांडुळाला हृदयाच्या चार जोड्या दिल्यात, म्हणजे आठ हृदयं. तिनेच बघितलेल्या एका व्हिडिओत पाच जोड्या, म्हणजे दहा. आकृती काढून न्यायची आहे आणि ती "आई, खरं काय ते सांग" म्हणून मागे लागली आहे.

त्यात काल रात्री धो धो पाऊस झाला. सकाळी अंगणातल्या फरशीवर वीसेक गांडुळं पडली होती. उन्हं वर येईपर्यंत त्यातली निम्मी दोरीच्या तुकड्यासारखी वाळून गेली. जी हलत होती ती उचलून वाफ्यात टाकली. ही पाण्यात बुडायला नको म्हणून बाहेर येतात, असंच मी लहानपणापासून ऐकत आले. पण नाक नाही, फुप्फुस नाही, कातडीने श्वास घेतो म्हणतात, तर मग पाण्यात बुडायला काय होतं? मासा कुठे बुडतो?

---

डबक्यातला_बेडूक

पाच जोड्या. मी शाळेत पाचच पाठ केल्या होत्या, त्यामुळे पुस्तकात चूक असणार.

पाऊस पडला की बिळात पाणी भरतं, श्वास कोंडतो आणि ती बाहेर येतात, इतकं ते सरळ आहे. आणि फरशीवर एखादं पायाखाली येऊन तुटलं तर वाईट वाटून घेऊ नका, दोन तुकड्यांची दोन गांडुळं होतात. ;)

---

प्रयोगवही

बेडूकराव, तीन विधानांत दीड बरोबर. पास करायला हरकत नाही.

पुस्तकही बरोबर आहे आणि व्हिडिओही. 'गांडूळ' ही एक जात नाही, हजारो जाती आहेत. युरोपातलं मोठं गांडूळ, लुंब्रिकस टेरेस्ट्रिस, त्याला पाच जोड्या असतात, सातव्यापासून अकराव्या वलयापर्यंत ओळीने. आपल्याकडच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं फेरेटिमा शिकवतात (त्यातल्या पोस्थुमा जातीला आता मेटाफायर म्हणतात). त्याला चार जोड्या, सातव्या, नवव्या, बाराव्या आणि तेराव्या वलयात. मुलीला म्हणावं, आकृतीखाली जातीचं नाव लिही. कुठलेही बाई-सर गुण कापू शकणार नाहीत.

मी बरीच वर्षं प्रात्यक्षिकं घेतली. मुलांची चूक नेहमी एकच व्हायची. 'हृदय' म्हटलं की ती छातीतल्या मुठीएवढ्या गोळ्यासारखं काहीतरी शोधत बसायची. गांडुळात तसं काही नसतं. अन्ननलिकेला दोन्ही बाजूंनी कवेत घेणाऱ्या जाड, स्नायूंच्या नळ्या असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यांची वरची टोकं पाठीकडच्या बाजूला, खालची पोटाकडच्या रक्तवाहिनीत. आत झडपा असतात, त्यामुळे रक्त वरून खालीच जातं, उलट फिरत नाही.

आता खरी गंमत. या नळ्या म्हणजे सगळा पंप नव्हे. पाठीवरून शेपटीकडून डोक्याकडे जी लांब रक्तवाहिनी जाते, ती स्वतःच आकुंचन पावते. मागून पुढे लाट सरकत जाते आणि रक्त ढकललं जातं. पुढे आल्यावर ही 'हृदयं' ते जोराने खाली, पोटाकडच्या वाहिनीत दाबतात. तिथून ते मागे पसरतं आणि कातडीपर्यंत पोचतं. त्यामुळे 'हृदयं किती' याचं प्रामाणिक उत्तर असं आहे, की चार-पाच जोड्या, शिवाय पाठीवरची सगळी लांबी.

आणि हे डोळ्यांनी दिसतं, फाडावं लागत नाही. एखादं बारीक, फिकट रंगाचं गांडूळ ओल्या काचेवर ठेवा, खालून टॉर्च धरा. पाठीवर मधोमध गडद लाल रेघ दिसेल. ती बारीक होते, फुगते, बारीक होते. हात ओले करूनच उचला, कोरड्या आणि घामट हाताने त्याच्या कातडीला त्रास होतो. आणि दोन मिनिटांत परत मातीत सोडा.

---

कोरांटी

सर, केलं! आत्ताच. काचेच्या ताटलीत थोडं पाणी फिरवून ओतून टाकलं आणि मोबाईलचा टॉर्च लावला. आधी दिसेना, मग लेकीनेच दाखवलं. रेघ नाही, रेघेत धावणारी गाठ आहे असं वाटतं. एक लाट पुढे निघून जाते, जरा थांबते, मग दुसरी. आम्ही मिनिटभर मोजल्या, मला तेरा आल्या, तिला पंधरा. कोणाचं खरं?

आणि डोकं कुठलं, शेपूट कुठलं यावरून दुसरा वाद झाला.

---

प्रयोगवही

दोघींचंही. गांडुळाच्या अंगात आपल्यासारखं ठरावीक तापमान नसतं, गार ताटलीत लाटा कमी आणि हाताच्या उबेत जास्त. ताटली जरा वेळ थंड पाण्यावर ठेवून मोजलं तर फरक सहज कळेल.

अंगावर जाडसर, वेगळ्या रंगाचा पट्टा असतो, वयात आलेल्या गांडुळाला. तो डोक्याच्या बाजूला जवळ. मेटाफायरमध्ये चौदा ते सोळा वलयांवर. म्हणजे हृदयं या पट्ट्याच्या अलीकडे, डोक्याच्या बाजूला असतात. पट्टाच दिसला नाही तर लाट कुठे जाते ते बघा, ती डोक्याकडेच जाणार.

---

बांधावरचा

चांगला धागा आहे, पण माझा प्रश्न वेगळा आहे. गेल्या हंगामात गांडूळखताच्या बेडमधली गांडुळं उचलून शेतात सोडली. दोन पाट्या भरून. चार महिन्यांनी खणून बघितलं तर एक नाही. गांडुळं वाढावीत म्हणून फवारायला काही मिळतं का? कोणी वापरलंय?

---

ढेकूळ

बांधावरचे दादा, फवारणी नको, आधी चार गोष्टी सांगा. सोडली ती लालसर, छोटी, चपळ होती का? शेतात रोटाव्हेटर किती वेळा फिरतो? जमिनीवर काही आच्छादन होतं का? आणि सोडली ते कुठल्या वेळेला?

---

बांधावरचा

लाल, छोटी, बरोबर. रोटाव्हेटर दोनदा. आच्छादन नाही, जमीन स्वच्छ ठेवायची सवय आहे. सोडली दुपारी, मजूर तेव्हाच मोकळे होते.

---

ढेकूळ

मग ती बहुधा पहिल्या आठवड्यातच गेली असणार. आणि कोरांटीताईंच्या फरशीवरची गांडुळं ज्याने मेली, त्यानेच ही मेली.

गांडुळाचं सगळं जगणं कातडी ओली ठेवण्यावर आहे. हवेतला प्राणवायू आधी त्या ओलाव्यात विरघळतो, मग कातडीखालच्या केसाएवढ्या रक्तवाहिन्यांत शिरतो. कार्बन डायऑक्साइड त्याच वाटेने बाहेर. कातडी सुकली की हवेने भरलेल्या शेतातही ते गुदमरतं. म्हणून ते सतत चिकट स्राव सोडतं, शिवाय पाठीवरच्या बारीक छिद्रांतून अंगातलं पाणी बाहेर काढून अंग भिजवतं. दुपारच्या उन्हात उघड्या जमिनीवर त्याच्या अंगातलं पाणी संपायला फार वेळ लागत नाही, आणि ऊन त्याला नुसतं सुकवत नाही, अतिनील किरणांनी ते लुळंही पडतं.

तुम्हाला वाफसा समजावून सांगायची गरज नाही. ढेकूळ मुठीत दाबलं तर आकार धरतं, पण बोटाला चिखल लागत नाही. मोठ्या पोकळ्यांत हवा, बारीक पोकळ्यांत पाणी. मुळांना हेच लागतं आणि गांडुळाच्या कातडीलाही नेमकं हेच लागतं. कोरडी माती झाली तर ओल नाही, चिबड झाली तर हवा नाही.

दुसरी गोष्ट जातीची. बेडमधलं लाल गांडूळ, आयसेनिया फेटिडा, शेणाच्या ढिगात, कुजणाऱ्या पाल्यात राहणारं. ते माती खात नाही, मातीत खोल बीळ करत नाही. नुसत्या मातीच्या शेतात त्याला सोडणं म्हणजे माशाला गवतात सोडण्यासारखं. शेतात काम करणाऱ्या जाती दोन प्रकारच्या. एक मातीतच फिरणाऱ्या, फिकट, आडवी बिळं करत माती खाणाऱ्या. दुसऱ्या उभं खोल बीळ करून रात्री वर येऊन पाला ओढून नेणाऱ्या. या तुम्ही आणायच्या नसतात, बांधाकडेला असतातच. त्यांना आत यायला जागा द्यायची.

---

बांधावरचा

म्हणजे बांधावर आहेत आणि आत नाहीत, असं?

---

ढेकूळ

मोजून बघा, अंदाजावर जाऊ नका. वाफसा असताना, सकाळी, बाजूला ३० सेंटिमीटर आणि खोल २० सेंटिमीटर असा चौकोनी खड्डा. माती पोत्यावर काढून हाताने फोडत जा, छोटी पिल्लंही मोजा. एक शेतात, एक बांधाजवळ, एक जिथे कधी नांगर लागत नाही तिथे. जो आकडा येईल त्याला ११ ने गुणलं की एका चौरस मीटरचा हिशोब होतो. खोल जाणारी मोठी गांडुळं मात्र या खड्ड्यात कमी येतात, फावड्याची चाहूल लागली की ती खाली पळतात.

---

बांधावरचा (पाच दिवसांनी)

मोजलं. शेतात ०, दुसऱ्या खड्ड्यात १. बांधाजवळ ६. कडेच्या झाडाखाली पाल्यात १४, त्यात लाल एकही नाही, सगळी फिकट, काही निळसर. एक तर मातीच्या गोळ्यात गाठ मारून झोपलेलं होतं, मेलेलं समजून फेकणार होतो, तर हललं.

---

ढेकूळ

ते झोपलेलं फार छान सापडलं! ओल कमी झाली की काही जाती खाली छोटी कोठडी करून आतून चिकट स्रावाने लिंपतात आणि अंगाची गाठ करून पडून राहतात. उघडा पृष्ठभाग कमी, पाणी कमी उडतं. पाऊस आला की सुटतात.

आकडे बघा. झाडाखाली चौरस मीटरला दीडशेच्या वर, बांधाला साठ-पासष्ट, शेतात पाच-सहा. माती तीच, पाऊस तोच. फरक आच्छादनाचा आणि रोटाव्हेटरचा. पात्याने काही कापली जातात, पण त्याहून मोठं नुकसान बिळं मोडण्याचं आणि खाणं पुरून टाकण्याचं, आणि उघड्या मातीचा वरचा थर सुकतो.

---

डबक्यातला_बेडूक

पण कापली गेली तर दुप्पट होतात ना? :D मी गंभीरपणे विचारतोय आता.

---

प्रयोगवही

नाही हो. पुढचा तुकडा पुरेसा मोठा असेल, म्हणजे डोकं, हृदयं, पट्टा सगळं त्यात आलं असेल, तर तो बऱ्याच जातींत शेपूट परत वाढवतो. मागचा तुकडा सहसा मरतो. तुमची समजूत कुठून आली तेही सांगतो. तो मागचा तुकडा तासन्‌तास वळवळतो. प्रत्येक वलयात चेतापेशींची गाठ आहे, श्वास कातडीने चालूच आहे, त्यामुळे मरायला वेळ लागतो. आपण ते जगणं समजतो.

---

कोरांटी

दादांच्या शेताच्या नादात माझा मासा राहिला. बुडतात की नाही?

---

प्रयोगवही

तुमचा माशाचा प्रश्न नेमका आहे. गांडूळ पाण्यात लगेच बुडत नाही. १९५० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत हवेचे बुडबुडे सोडलेल्या पाण्यात काही जाती महिनोन्‌महिने जगल्या. कातडी ओलीच होती, पाण्यात प्राणवायू होता, बस. अडचण पाण्याची नाही, साचलेल्या पाण्याची आहे. २५ अंशाला एक लिटर हवेत प्राणवायू पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि एक लिटर पाण्यात जेमतेम ८. शिवाय पाण्यातून प्राणवायू सरकतो तो हवेपेक्षा हजारो पटींनी सावकाश. मातीतले जिवाणू आणि मुळं तो थोडासा साठा संपवतात, वरून नवा येत नाही. माशाला कल्ले आहेत, तो त्यांवरून पाणी खेळवत राहतो. हे बिचारं नुसतं पडून असतं.

त्यावर त्याच्याकडे एक उपाय आहे. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन आपल्यासारखं पेशींत भरलेलं नसतं, थेट रक्तद्रवात विरघळलेलं असतं, म्हणून रेघ लाल दिसली. एकेक रेणू आपल्या हिमोग्लोबिनच्या पन्नास पटींहून मोठा, लहान असता तर गळून गेला असता. आणि तो प्राणवायू घट्ट धरतो. जिथे आपलं रक्त रिकामं राहील तिथेही तो भरून घेतो.

मग बाहेर का येतात? एकच कारण आहे असं मला वाटत नाही. ज्या जातींना प्राणवायू जास्त लागतो त्या गुदमरून येत असाव्यात. पण रिमझिम पावसातही, बिळात पाणी भरण्याआधीच, काही बाहेर दिसतात. ओल्या जमिनीवरून दूर जायला ती रात्र बरी, मातीतून तेवढं अंतर खणायला केवढी मेहनत. पावसाच्या थेंबांचा हादरा चिचुंद्रीसारख्या शिकाऱ्यासारखा वाटतो, असंही काही अभ्यासक म्हणतात. मला ते अर्धंच पटतं.

---

ढेकूळ

मला दूर जाण्याचं कारण जास्त पटतं. आमच्याकडे निचऱ्याच्या जमिनीतही येतात, पाणी एक तास टिकत नाही तिथे.

---

रोकठोक

सगळं ठीक, पण 'शेतकऱ्याचा मित्र' म्हणताना कोणी हिशोब मांडत नाही. गांडूळ नत्र कुठून आणतं? हवेतून तर घेत नाही. मातीत होतं तेच खाल्लं, तेच टाकलं. मग वाढलं काय?

---

ढेकूळ

रोकठोक, बरोबर बोललात, आणि हे लोक ऐकून घेत नाहीत. गांडूळ नत्र तयार करत नाही. पाल्यात, शेणात अडकलेलं नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात लवकर मोकळं करतं. पोटातल्या पेषणीत वाळूच्या कणांनी पाला दळला जातो, जिवाणूंना आयतं जेवण मिळतं, आणि बाहेर पडलेल्या लेंडीत आजूबाजूच्या मातीपेक्षा उपलब्ध नत्र जास्त असतं. कातडी ओली ठेवायला जो चिकट स्राव सोडलेला असतो, त्यातही नत्र, तो बिळाच्या भिंतीला लागतो. मुळं त्याच बिळात शिरतात, तयार रस्ता आणि तयार शिदोरी.

२०१४ मध्ये बऱ्याच प्रयोगांचे निकाल एकत्र करून बघितले गेले, गांडुळं असताना पिकाचं उत्पादन सरासरी २५ टक्क्यांनी जास्त. पण त्यातच पुढे असं आहे, की भरपूर नत्रखत दिलेल्या ठिकाणी हा फायदा जवळपास दिसेनासा होतो, आणि कडधान्यांतही वाढ फारशी दिसत नाही, त्यांना नत्र मिळवायची स्वतःची सोय आहे. तुमचाच मुद्दा सिद्ध होतो. आणि जमिनीत पाला, शेणखत काहीच नसेल तर गांडूळ काय मोकळं करणार?

---

रोकठोक

मग हे २५ टक्के कुंडीतले की शेतातले?

---

ढेकूळ

दोन्ही, आणि कुंडीत गांडुळांची संख्या बऱ्याचदा शेतापेक्षा जास्त ठेवतात. म्हणून तो आकडा मी दादांना छापून देणार नाही. बिळांचा फायदा मात्र नत्रखताने भरून निघत नाही. जोराच्या पावसात पाणी आत मुरतं, आणि पाणी गेल्यावर त्याच वाटेने हवा शिरते.

वेग किती सावकाश असतो तेही सांगते. डार्विनने एका कुरणावर १८४२ मध्ये खडूचे तुकडे पसरवले आणि २९ वर्षांनी चर खणून बघितला. पांढरी ओळ ७ इंच खाली सापडली. वर्षाला साधारण ६ मिलिमीटर. खडू खाली गेला नव्हता, गांडुळांनी खालची माती वर आणून त्यावर टाकली होती. आणि ते न नांगरलेलं कुरण होतं, म्हणजे एवढं काम वर्षानुवर्षं कोणी मोडलं नाही तेव्हाच.

---

रोकठोक

आणि त्यांच्यामुळे नायट्रस ऑक्साइड वाढतो त्याचं काय?

---

ढेकूळ

वाढतो, तसे निकाल आहेत. जमिनीत कर्ब टिकतो किती आणि वायू जातो किती याची बेरीज-वजाबाकी अजून चालू आहे. उत्तर अमेरिकेच्या ज्या जंगलांत पूर्वी गांडुळं नव्हतीच, तिथे बाहेरून आलेल्या गांडुळांनी पाल्याचा थर फस्त करून रोपटी उघडी पाडली. त्यामुळे 'मित्र' कोणाचा आणि कुठे, हे विचारायलाच हवं.

---

बांधावरचा

मी शास्त्र वाचून दमलो. मी काय करू?

---

ढेकूळ

अर्ध्या एकरावर करून बघा. रोटाव्हेटर बंद, फक्त पेरणीच्या ओळीत माती हलवा. पिकाचा काडीकचरा जाळू नका, जमिनीवर पसरा. शेणखत चांगलं कुजलेलंच टाका. ताज्या शेणाच्या ढिगात उष्णता आणि अमोनिया असतो, जिवाणू प्राणवायू संपवतात, गांडूळ जवळ येत नाही. ताज्या शेणाच्या बेडमध्ये ती वर भिंतीवर, झाकणाला चिकटतात, ती याचीच खूण. बांधाकडून आत येण्यासाठी आच्छादनाचा पट्टा सलग ठेवा. ती वर्षाला काही मीटरच सरकतात, म्हणून बांधालगतच खड्डे खणून पाहा. दोन हंगामांनी त्याच जागी तसाच खड्डा, त्याच महिन्यात. महिना बदलला तर आकड्याला अर्थ नाही.

---

बांधावरचा

रोटाव्हेटर बंद केला तर तण कोण काढणार, ते कोणी सांगितलं नाही. बघतो. बांधालगतचा पट्टा ठेवतो, पूर्ण अर्धा एकर नाही.

---

कोरांटी

आकृती गेली. लेकीने खाली 'मेटाफायर, चार जोड्या' लिहिलं आणि कोपऱ्यात स्वतःहून दुसरी ओळ, 'पाठीवरची रक्तवाहिनी पण पंप आहे, मी मोजली'. बाईंनी त्या ओळीखाली प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलंय. सर, आता काय सांगू?

---

प्रयोगवही

ओली ताटली आणि टॉर्च घेऊन शाळेत पाठवा. आणि गांडूळ डब्यात ओल्या पाल्यात न्या, झाकणाला भोकं पाडून.